चौथ्या वचनातला ‘तू’

आमच्या शीतगृहाच्या तीन नंबरच्या खोलीत मी आणि माझा थोरला भाऊ एका शनिवारी दुपारी अडकलो, आणि पहिली दहा मिनिटं आम्ही दोघंही गप्प बसलो. दार बंद झाल्याचा आवाज मी ऐकला तेव्हा मला वाटलं, दादा बाहेर गेला. दादाने ऐकला तेव्हा त्याला वाटलं, मी गेलो. दोघांपैकी एकाने नुसतं ‘अरे, दार’ म्हटलं असतं तरी वॉचमन चार पावलांवर होता. पण सहा वर्षं आमची बोलचाल बंद होती, आणि अशी सवय दाराच्या एका आवाजाने मोडत नाही.

अबोला होता तरी काम एकाच जागी. मी तिथला मेकॅनिक, म्हणजे कॉम्प्रेसर, पंखे, दारं, सगळ्या दुरुस्त्या माझ्याकडे. दादा माल मोजून घेणारा मुकादम. आमच्यात निरोप न्यायला एक हमाल होता, त्याचं नाव सगळ्यांनी टपाल ठेवलं होतं. मी त्याला म्हणायचो, “त्यांना सांग, दोन नंबरचा पंखा बंद ठेवतोय.” दादा दोन हातांवर उभा असायचा. टपाल मान वळवून तेच वाक्य दादाला सांगायचा, दादा म्हणायचा, “त्याला सांग, ठीक आहे.” टपालाला यात कधी हसू आलं नाही. तो म्हणायचा, माझं काय जातंय, तोंड आहे तोवर बोलतो.

त्या शनिवारी टपाल अर्ध्या दिवसाने घरी गेला. दादा मागच्या रांगेत मेंढ्यांच्या मांसाचा माल मोजत होता, मी पुढे स्टुलावर चढून पंख्याची कुरकुर ऐकत होतो. वॉचमन फेरीवर आला, दार उघडं दिसलं, त्याने ते लोटलं आणि खिट्टी टाकली. नियमाप्रमाणे आत हाक मारायची असते. त्याने मारली नाही. मोबाइल आम्ही नेहमीसारखे बाहेरच्या पेटीत ठेवले होते, कारण उणे अठरामध्ये त्यांचा जीव जातो. मग वॉचमन कॉरिडॉरच्या टोकाला गेला आणि दिव्यांचं मेन बंद केलं. अंधार झाला तेव्हा मात्र आम्ही दोघंही एकदमच ओरडलो, आणि एकमेकांचा आवाज ऐकून दोघंही दचकलो.

दाराला आतून एक दांडा असतो. तो जोरात ढकलला की बाहेरची खिट्टी सुटते. मी चाचपडत गेलो आणि ढकलला. तो हललाच नाही. आतल्या भोकात बर्फ भरून दगड झाला होता. मी खांदा लावला, मग पान्याने ठोकलं, आणि दांडा मुळापासून तुटून माझ्या हातात आला. घंटेचं बटण दाबलं. ती घंटा ऑफिसात वाजते, आणि ऑफिसला दोन वाजता कुलूप लागलं होतं. बर्फ फोडायची कुऱ्हाड दाराशेजारी टांगलेली असायला हवी, ती गेल्या महिन्यात कुणीतरी एक नंबरला नेली होती. आम्ही मांसाचे आकडे घेऊन दारावर आळीपाळीने ठोकलं. पण पाच इंच जाडीच्या फोमने आवाज गिळला, आणि बाहेर कॉम्प्रेसरची घरघर.

मला माहीत होतं की सोमवार सकाळपर्यंत हे दार कुणी उघडणार नाही. दादालाही माहीत होतं. माझ्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. माझी लेक ठकी वारल्यावर वर्षाच्या आत बायको माहेरी गेली ती गेलीच. दादाकडे वहिनी होत्या, पण दादा आमच्या ख्रिस्ती देवळाचा वाचक, रविवारच्या उपासनेत शास्त्र वाचणारा. आजाऱ्यांच्या, मरणाऱ्यांच्या उशाशी बसायला तो रात्र रात्र जायचा, कधी सांगून, कधी न सांगता. वहिनी म्हणणार, गेले असतील कुणाकडे तरी. रविवारी सकाळी वाचनाला तो उभा राहिला नाही तरच कुणाला चुकचुकल्यासारखं होणार. म्हणजे अठरा-वीस तास. अंगात जाड जॅकेट असलं तरी उणे अठरात वीस तास काय करतात, हे मी कामावर लागलो तेव्हाच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. तेव्हा मी मागच्या बाकावर पेंगत होतो.

मी भीतीने एका जागी खिळून उभा राहिलो. अंधारात दादाचा आवाज आला.

“याला सांगा,” तो म्हणाला, “की उभं राहायचं नाही. चालायचं.”

टांगलेल्या मेंढ्यांना उद्देशून बोलत होता तो. तिसरं माणूस नव्हतं, तर त्याने मेलेल्या जनावराला टपाल केलं. एरवी मला हसू आलं असतं.

“आणि त्यांना सांगा,” मी म्हणालो, “की घाम येईल इतकं जोरात चालायचं नाही. घाम गोठतो.”

तर तशी सुरुवात झाली. खोलीच्या कडेने एक वाट होती, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोक्यांच्या थप्प्या आणि मधे आकड्यांना लटकलेला माल. एक हात भिंतीवर ठेवायचा, दुसरा पुढच्याच्या खांद्यावर. दादा पुढे, मी मागे. फेरी झाली की पुठ्ठ्यांच्या थरावर थोडं बसायचं, पाय जमिनीला न लावता, मग परत फेरी. माझ्या तोंडून सारखं ‘मरणार, मरणार’ निघत होतं. दादाने दोन फेऱ्या ते ऐकून घेतलं, मग म्हणाला, तोंडाला दुसरं काम दे. एका फेरीला एक वचन घेऊ. बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र. सहाच वचनं आहेत.

माझं डोकं फिरलं. दादाला माहीत होतं मला ते स्तोत्र का नको ते. सहा वर्षांपूर्वी माझी ठकी चार दिवसांच्या तापाने गेली. चार वर्षांची होती. देवळाचे पाळक, म्हणजे पाद्री, गावाला गेले होते म्हणून कबरीशी दादाच उभा राहिला, आणि त्याने तेच स्तोत्र सुरू केलं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणं पडणार नाही. त्याने तीन वचनं म्हटली आणि मी सगळ्यांच्या देखत ओरडलो की मला उणं पडलंय, हे बघ इथे खड्ड्यात आहे, आणि निघून आलो. त्यानंतर मी दादाशी बोललो नाही. त्यानेही पुढाकार घेतला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

“तुझा मेंढपाळ,” मी अंधारात म्हणालो, “मेंढरं पाळतो कशाला, ते इथे हात लावून बघ. आकड्याला आहेत सगळी.”

पहिल्यांदाच मी थेट त्याच्याशी बोललो होतो, तेही टोमणा मारायला. दादा थांबला. मग चालायला लागला आणि चालता चालता बोलायला. त्याने पाळकांकडे दोन हिवाळे बसून मूळ इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतलं थोडंफार शिकून घेतलं होतं. म्हणाला, मूळ भाषेत पहिली ओळ चारच शब्दांची आहे. देवाचं नाव, मग ‘माझा-मेंढपाळ’ हा एकच शब्द, मग ‘नाही’, मग ‘उणं’. मेंढरू मरणार नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. लिहिणारा स्वतः मेंढपाळ होता, कळपातली मेंढरं लांडगे नेतात, कडे कोसळतात, हे त्याला ठाऊक होतं. पण कातडी आणि मांस मोजणारा मालक वेगळा आणि मेंढपाळ वेगळा. मेंढपाळ रात्रंदिवस कळपातच असतो, त्याला कुठे जायचं नसतं. ‘उणं नाही’ याचा अर्थ, तो असल्यावर जे नाही ते त्याच्या जागी भरून निघतं.

“भरून निघतं?” मी विचारलं.

तो कोपऱ्यापर्यंत चालत गेला. मग म्हणाला, “मला नाही माहीत. मी कबरीशी उभं राहून ते म्हणायला नको होतं. वचन खरं आहे, पण ते ज्याचं त्याने म्हणायचं असतं. दुसऱ्याच्या तोंडात कोंबायचं नसतं.”

सहा वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होतो आणि ते मला असं मिळालं, नाकातला केस न् केस गोठलेला असताना. मी ‘मरणार, मरणार’ म्हणायचं थांबवलं.

मग पंखे थांबले. दर सहा तासांनी यंत्र आपोआप बंद होतं आणि वीस मिनिटं हीटर लागतात, थंडी देणाऱ्या कॉइलवरचा बर्फ वितळवायला. चार वाजले असणार. खोलीत एवढी शांतता झाली की मला माझं रक्त ऐकू आलं. मी दादाला स्टुलावर चढवलं, मी खोक्यांवर चढलो, आणि आम्ही हातमोजे काढून हात कॉइलजवळ धरले. ऊब म्हणावी अशी नव्हती, पण बोटं दुखायला लागली म्हणजे जिवंत होती. थेंब पडत होते. दादाने तिथेच दुसरं वचन घेतलं. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, संथ पाण्यापाशी नेतो. म्हणाला, मेंढरू सहजासहजी बसत नाही. भूक असली तर बसत नाही, भीती असली तर मुळीच नाही, उभ्या उभ्या कान टवकारून राहतं. म्हणून ‘बसवतो’ असं लिहिलंय, ‘बस म्हणतो’ असं नाही. आणि पाणी संथच लागतं, कारण खळाळत्या पाण्याला ते बुजतं, तहानेने मेलं तरी तोंड लावत नाही. मेंढपाळाला आधी भीती काढावी लागते, मग पाणी पाजता येतं. मी विचारलं, आपली कोण काढणार? तो म्हणाला, पंखा बंद आहे तोवर आपली आपण काढू, आणि स्टुलावर पाय हलवत राहिला.

पंखे पुन्हा सुरू झाले तेव्हा मला रडू आलं. गार वारा अंगावर यायला लागला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी पॅकिंगचं प्लास्टिक फाडून दादाच्या पाठीला, माझ्या पाठीला गुंडाळलं. दादा पंचावन्नचा, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, आणि त्याला दोन वर्षांपासून छातीची गोळी चालू होती. ती गोळी बाहेर डब्यात होती.

तिसऱ्या वचनाच्या फेरीत मी माझं पाप सांगितलं. वचन असं की तो माझा जीव माघारी आणतो, आणि आपल्या नावासाठी मला नीट वाटेने चालवतो. दादा सांगत होता की मूळ शब्द ‘परत फिरवणं’ असा आहे, भरकटलेलं जनावर माघारी वळवावं तसा. आणि ‘आपल्या नावासाठी’ म्हणजे मेंढरू चांगलं आहे म्हणून नाही. कळप हरवला तर नाव मेंढपाळाचं जातं, म्हणून. आपली लायकी हिशेबात धरलेलीच नाही, दादा म्हणाला, हीच त्यातली सुटका आहे. लायकी म्हटल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही.

आतला दांडा दर महिन्याला तपासायचा असतो. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेरून खिट्टी टाकायची, आतल्याने ढकलून दाखवायचं, मग कार्डावर दोन सह्या, एक मेकॅनिकची, एक मुकादमाची. त्यासाठी मला दादाला म्हणावं लागलं असतं, जरा ये, दार लाव. ते म्हणायचं नव्हतं म्हणून सहा वर्षांत मी एकदाही ती तपासणी केली नाही. दर महिन्याला कार्डावर ‘ठीक’ लिहून सही करायचो आणि टपालाबरोबर दादाकडे पाठवायचो. हे मी सांगितलं, एका दमात, भिंतीवर हात ठेवून.

“मला माहीत होतं,” दादा म्हणाला.

“मग?”

“मग काय. मीही सही करायचो. न बघता. तुला विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.” थोडं चालून म्हणाला, “आपण दोघांनी मिळून हे दार बंद केलंय. वॉचमनने नुसती खिट्टी टाकली.”

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या आम्ही वचनाशिवाय केल्या. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. सहा वर्षांत आम्ही मिळून केलेलं ते एकच काम होतं.

चौथं वचन घ्यायला दादा टाळाटाळ करत होता. पाय दुखतो म्हणाला, जरा बसू म्हणाला. बसल्यावर त्याचे दात वाजत होते. मी म्हटलं, पुढचं घे, नाही तर झोपशील. तो म्हणाला, हे तू घे, तुला पाठ आहे. पाठ तर होतंच, लहानपणी आईने दोघांकडून एकदमच करून घेतलं होतं. मी म्हटलं. मरणाच्या सावलीच्या दरीतून मी चाललो तरी कशालाही भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस.

“तिथे बघ,” दादा म्हणाला. “पहिल्या तीन वचनांत काय आहे? तो बसवतो, तो नेतो, तो चालवतो. तो, तो, तो. कुरणात होता तोवर माणूस देवाविषयी बोलत होता. लोकांना सांगत होता, आमचा मेंढपाळ असा, तसा. दरीत शिरला आणि ‘तो’ संपला. तिथून ‘तू’. मधे कुणी ऐकायलाच उरलं नाही ना. मूळ भाषेत शब्द मोजले तर ‘तू माझ्याबरोबर’ हे जवळजवळ मधोमध येतं.”

मग दरीचं सांगितलं. दरीत वाट चुकून शिरायला होत नाही. तिसऱ्या वचनातली नीट वाटच तिकडून जाते, एका कुरणातून दुसऱ्या कुरणात जायला दरीच ओलांडावी लागते, आणि मेंढपाळाला ते माहीत असतं. ‘चाललो तरी’ असं आहे, ‘राहिलो तरी’ नाही. वचनाच्या शेवटी मेंढपाळाची काठी आणि आकडी धीर देतात असं आहे, म्हणजे काठ्या दोन. एक आखूड आणि जाड, जनावराला हाणायची. दुसरी लांब, टेकायची. कळप कोंडवाड्यात घेताना आखूड काठी आडवी धरून तिच्याखालून एकेक मेंढरू मोजून सोडतात. अंधारात मेंढराला मेंढपाळ दिसत नाही, पाठीला लागलेली काठी कळते. धीर येतो तो त्या लागण्याने.

हे सगळं तो भराभर बोलला, पाठ केलेलं बोलावं तसं. मग त्याने माझी बाही पकडली. मी विचारलं, काय झालं.

“त्या दिवशी तू कबरीवरून निघून गेलास,” तो म्हणाला, “तेव्हा मला बरं वाटलं. सगळ्यांना वाटलं तुझ्यामुळे राहिलं. पण चौथं माझ्या तोंडून निघालंच नसतं. तीन वचनं मी त्याच्याविषयी बोलू शकत होतो. त्या पोरीच्या खड्ड्याशी उभं राहून त्यालाच ‘तू’ म्हणायचं, म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघायचं. मला ते जमेना. अजून जमलेलं नाही. मरणाऱ्यांच्या उशाशी मी हे शंभरदा म्हटलंय, पण ते त्यांच्यासाठी. ते म्हणायचे ‘तू’, मी नुसता वाचायचो.”

“भीती वाटते?” मी विचारलं.

“खूप,” दादा म्हणाला. “तुला सांगतो, मला खूप भीती वाटते.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थोरल्या भावाने मला असं काही सांगितलं. लहानपणी साप निघाला तेव्हाही तो माझ्यापुढे उभा होता. मी त्याला उठवलं. आता मी पुढे झालो आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

दुसऱ्यांदा पंखे थांबले तेव्हा त्याला स्टुलावर चढता येईना. मी कॉइलवर हात गरम करून खाली उतरायचो, त्याचे हात धरायचो, परत चढायचो. खिशात चार बिस्किटं होती, टपालाने दुपारी दिलेली. ती दोघांत वाटली. दादाने पाचवं वचन तिथे घेतलं, अडखळत. इथे मेंढरू संपलं, म्हणाला, इथून पाहुणा आहे. माझ्या शत्रूंच्या देखत तू माझ्यापुढे ताट वाढतोस. त्या मुलखात ज्याने तंबूत घेऊन जेवू घातलं, त्याच्या पाहुण्याला शिवायची कुणाची छाती नव्हती. शत्रू पळून गेलेला नाही, तो बाहेर उभा राहून बघतोय, आणि हा जेवतोय. वचनात पुढे डोक्याला तेल आहे, म्हणजे उन्हातान्हातून आलेल्या पाहुण्याचा मान. पेला काठोकाठ, म्हणजे घाई नाही, बस, अजून घे. मी विचारलं, तुझा शत्रू कोण? तो म्हणाला, “काल विचारलं असतंस तर तूच. आणि बघ, तुझंच बिस्किट खातोय.” माझ्या पट्ट्याला दाराच्या रबराला लावायच्या ग्रीसची नळी होती. त्याचे ओठ फुटून रक्त आलं होतं. मी ते ग्रीस त्याच्या ओठांना, गालांना, कानांना चोपडलं. त्याला घाण वास आला असणार, तरी त्याने मान पुढे केली.

त्यानंतरचं मला नीट क्रमाने आठवत नाही. आम्ही चाललो. तो अडखळायचा, मी ओढायचो. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांचं दुखणं थांबलं, आणि ते वाईट लक्षण आहे हे मला कळत होतं. दादा सहावं वचन सुरू करायचा आणि विसरायचा. कल्याण आणि दया, म्हणायचा, आणि मग विचारायचा, माल मोजून झाला का. एकदा म्हणाला, आपल्या मराठी बायबलात ‘लाभतील’ असं लिहिलंय, पण मूळ शब्द तो नाही, तो शब्द... आणि पुढचं राहिलं. मी त्याला हलवलं, कोणता शब्द, सांग ना दादा, कोणता? त्याला सांगता आलं नाही. मग त्याचं थरथरणं थांबलं. प्रशिक्षणात एवढं एक मी ऐकलं होतं, थरथरणं थांबलं की संपत आलं.

मी पुठ्ठ्यांवर बसून त्याला मांडीवर घेतलं, माझ्या जॅकेटची चेन उघडून त्याची पाठ आत ओढली. पंखे तिसऱ्यांदा थांबले. तेव्हा तो बोलला, स्पष्ट. तो काय बोलला ते मी पुढे एकाच माणसाला सांगितलं.

रविवारी साडेनऊला दार उघडलं. वाचनाला दादा नाही म्हणून वहिनींनी पाळकांना सांगितलं, पाळकांनी वॉचमनला, आणि त्याने बाहेरच्या पेटीत दोन मोबाइल पाहिले. मी जिवंत होतो. दादाला जाऊन पाच तास झाले असतील असं डॉक्टर म्हणाले.

दोन बोटं कापली. चौकशीवाले रुग्णालयातच आले, मी कार्डांचं सगळं सांगितलं, दोन्ही सह्यांचं, आणि फेऱ्या मारत स्तोत्र म्हटल्याचंही. त्यांनी लिहून घेतलं. दफनाला मला सोडलं नाही. पाळक मात्र भेटून गेले, म्हणाले, तुझा भाऊ स्तोत्र म्हणत, निर्भयपणे गेला, मी तसंच सांगितलं सगळ्यांना, लोकांना फार आधार वाटला. मी मान हलवली. माझ्यात तेव्हा दुसरं काही करायची ताकद नव्हती.

आठव्या दिवशी वहिनी आल्या. स्टूल ओढून बसल्या. मी आधी सह्यांचं सांगितलं, कारण ते न सांगता पुढे बोलणं मला शक्य नव्हतं. त्यांनी चौकशीवाल्यांकडून ऐकलं होतं. म्हणाल्या, त्यांचीही सही होती, म्हणजे मी भांडू कुणाशी. मग म्हणाल्या, सहाव्या वचनापर्यंत पोचले का ते?

मी म्हटलं, सुरू केलं होतं. एक शब्द सांगायचा राहिला.

“पाठलाग,” वहिनी म्हणाल्या. “कल्याण आणि दया पाठलाग करतील. शत्रू पाठीस लागतो तोच शब्द. मला शंभरदा सांगितलाय त्यांनी. आणि शेवटी देवाचं घर, दिवस न मोजता राहायला.” त्यांचा आवाज कडवट झाला. “सध्या माझ्या पाठीस कुणी लागलेलं नाही. घर आहे, ते रिकामं.”

मग माझ्याकडे वळल्या. “पाळक म्हणतात निर्भयपणे गेले. मला खरं सांग. तू होतास तिथे.”

माझ्या मनात आलं, द्यावं ठोकून. बाईला तेवढाच आधार. पण मी सहा वर्षं कार्डावर ‘ठीक’ लिहीत आलो होतो.

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “घाबरला होता. मला तसं म्हणाला. शेवटपर्यंत घाबरलेला होता. आणि शेवटपर्यंत चालला.”

वहिनींनी पदराने तोंड झाकलं. मला वाटलं मी चूक केली. खांदे हलत होते त्यांचे. पदर खाली घेऊन त्या बोलल्या तेव्हा त्यांना माझ्यावर राग नव्हता.

“आठ रात्री मी दिवा लावून बसतेय,” त्या म्हणाल्या. “भीतीने. आणि लाज वाटते, की अशा माणसाची बायको आणि ही अशी भित्री. मला वाटायचं घरात मी एकटीच आहे भिणारी.”

मी त्यांना पाणी दिलं, धड असलेल्या हाताने. त्या प्यायल्या. मग त्यांनी विचारलं, शेवटी काय बोलले.

“‘तू आहेस ना?’ एवढंच,” मी सांगितलं.

“कुणाला म्हणाले? तुला, की...”

“माहीत नाही, वहिनी. अंधार होता. मला आणि देवाला, दोघांनाही ‘तू’च म्हणतात.”

“मग तू काय म्हणालास?”

“दुसरं कुणी बोलेना,” मी म्हणालो, “म्हणून मीच म्हणालो, आहे.”